बाईच्या तोंडचं "मी जातो": सातांच्या पट्टीवर ४.२, जोडीत साफ हरलं. आता प्रबंधात लिहू काय?

मलप्रभाकाठची
नमस्कार मंडळी. मी मूळची खानापूर तालुक्यातली, सध्या बेळगावात राहून भाषाविज्ञानात एम.ए. करते. आमच्याकडच्या बायका "मी जातो", "मी आलो" म्हणतात हे इथं कुणाला सांगायला नको. पुण्यामुंबईची बाई "जाते", "आले" म्हणणार. आमच्या लोकांना हे रूप कितपत चालतं ते मोजायचं, एवढाच माझा विषय.

पायलटला २४ माणसं घेतली, १२ खानापूरच्या खेड्यांतली आणि १२ टिळकवाडी-शहापूरकडची. वाक्यं कागदावर छापून दिली. बोलणारी बाई आहे हे वर लिहिलं होतं.

अ. "मी उद्या बाजारला जातो." / "मी उद्या बाजारला जाते."
ब. "ती उद्या बाजारला जातो." / "ती उद्या बाजारला जाते."

आधी लिकर्ट घेतलं. एकेक वाक्य द्यायचं आणि १ ते ७ पैकी गुण विचारायचे, प्रत्येक प्रकारची चार वाक्यं. दोन आठवड्यांनी त्याच लोकांना फोर्स्ड चॉइस, म्हणजे दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून "यातलं बरं कुठलं?" वेळ नव्हता म्हणून तिथं अ ची एक आणि ब ची एक, एवढ्याच जोड्या.

जोडीमध्ये "मी जाते" २० जणांनी उचललं, "ती जाते" सगळ्या २४ जणांनी. म्हणजे "मी जातो" आणि "ती जातो" ही दोन्ही रूपं जवळपास सारखीच हरली. पट्टीवर मात्र "ती जातो"ची सरासरी १.४ आणि "मी जातो"ची ४.२ आली.

मार्गदर्शक म्हणतात, ४.२ म्हणजे अर्धवट व्याकरणिक, तसं लिही आणि पुढं जा. मला ते पटत नाही. माझ्या आईच्या तोंडचं वाक्य अर्धवट कसं असेल?

निपाणीचा_मास्तर
बाळ, यात प्रयोग कशाला हवा? स्त्रीलिंगी कर्ता असेल तर "जाते" हेच शुद्ध. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. "मी येतो सर" म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला उभं करून "येते" म्हणायला लावलं. २० जणांनी बरोबर ओळखलं याचा आनंदच आहे. उरलेल्या चौघांना व्याकरणाची उजळणी द्यावी.

आकडेमोड_टिळकवाडी
मी मार्केट रिसर्चमध्ये आहे, म्हणून बोलतो. लिकर्ट सोडून द्या. लोक पट्टी आपापल्या मनानं वापरतात. एकाचा ५ तो दुसऱ्याचा ७. जोडी दिली की ही भानगडच राहत नाही. स्प्राउस आणि अल्मेदा यांनी २०१७ मध्ये हेच तपासलं. भाषाविज्ञानाच्या एका नामांकित नियतकालिकातल्या ५० वाक्यघटना घेऊन चार पद्धतींची तुलना केली, आणि फरक पकडण्यात फोर्स्ड चॉइस सगळ्यांत तीक्ष्ण निघालं. तुमच्या २४ माणसांत १८ जण एका बाजूला गेले की निकाल योगायोगाचा नाही असं धरता येतं. १७ ला नाही धरता येत. तुमच्याकडं २० आहेत. विषय मिटला की.

येळ्ळूरची_सून
मी माहेरची पुण्याची, सासर येळ्ळूर. पहिल्या वर्षी माझ्या "आले"ला नणंदा हसायच्या. आता माझी सहा वर्षांची मुलगी घरात "मी आलो" म्हणते आणि पुण्याच्या आजीला फोनवर "मी आले". तिला कुणीही शिकवलेलं नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे, तिची भाषा बिघडते आहे का? बाईंनी सुधारायला सांगितलंय.

बोलीवाली
भाषाविज्ञान शिकवते, सीमाभागात बरीच वर्षं वाक्यं गोळा केली आहेत. येळ्ळूरच्या ताई, मुलीचं काही बिघडलेलं नाही. कुणाशी बोलताना कुठलं रूप, हे तिला नेमकं कळतंय. तुमचं हे उदाहरण पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

आकडेमोड, तुमचा आधार बरोबर आहे, लावलाय चुकीच्या ठिकाणी. त्या तुलनेचा प्रश्न होता: दोन वाक्यांत फरक असेल तर तो कुठल्या पद्धतीत कमी माणसांत दिसतो? तिथं जोडी जिंकते, यात वाद नाही. पण जोडी एवढंच सांगते की हे त्याच्यापेक्षा बरं. दोन्ही चांगली आहेत की दोन्ही टाकाऊ, हे ती सांगू शकत नाही. "ती जातो" आणि "ती जातोस" अशी जोडी देऊन बघा. लोक डोकं खाजवतील आणि बहुतेक "ती जातो" उचलतील. फरक खरा असेल, आकडाही भक्कम येईल. म्हणून "ती जातो" हे कुणाचं मराठी होणार नाही.

आणि २० आणि २४ जवळ आहेत म्हणून फरकही सारखेच, असं मोजता येत नाही. जोडीतला आकडा सांगतो की किती माणसं एका बाजूला झुकली. प्रत्येक माणूस किती झुकला, ते त्यात नसतं. केसाइतका फरक असला तरी सगळ्यांनाच तो एका दिशेनं जाणवला तर २४ पैकी २४ येणार, आणि आभाळाएवढा असला तरी २४ च येणार. वर काही उरतच नाही.

मलप्रभा, आता मला तुमच्याकडून सरासरी नको. "मी जातो"च्या चारही वाक्यांना एकेका माणसानं काय गुण दिले, तेवढं टाका.

मलप्रभाकाठची
सगळी वही परत काढली. चार नमुने देते.

भाजी विकणाऱ्या मावशी, खानापूर: ७, ७, ६, ७
कॉलेजची मुलगी, टिळकवाडी: २, १, २, १
प्राथमिक शिक्षिका, खानापूर: ७, २, ६, १
दुकानातला मुलगा, शहापूर: ४, ४, ४, ४

बाकीचे सगळे यांतल्याच कुठल्या तरी चालीचे. मावशीसारखे ९, कॉलेजच्या मुलीसारखे ८, शिक्षिकेसारखे ५, दुकानातल्या मुलासारखे २.

बोलीवाली
बघा, ४.२ कुणाचाच नाही. नऊ जणांचं व्याकरण "जातो" घेतं, आठ जणांचं घेत नाही, आणि सरासरी या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसली आहे. तुमच्या आईचं वाक्य अर्धवट नाही. तुमच्या २४ माणसांत निदान दोन मराठ्या आहेत.

चढउतार कुठं आहे हे आधी शोधायचं: माणसामाणसांत, वाक्यावाक्यांत, की एकाच माणसाच्या मनात. तिन्हींची सरासरी ४ येऊ शकते. म्हणून एका प्रकाराची एकापेक्षा जास्त वाक्यं लागतात. तुम्ही चार घेतलीत म्हणून आज हे दिसलं. एकेकच घेतलं असतं तर शिक्षिकाबाई नुसत्या ७ नाहीतर २ म्हणून नोंदल्या गेल्या असत्या.

दुकानातल्या मुलानं "ती जातो"ला काय दिलंय?

मलप्रभाकाठची
त्यालाही ४. चारही वेळा. दुसरा तसलाच माणूस आहे, त्यानं मात्र "ती जातो"ला १ आणि "मी जाते"ला ७ दिलेत. फक्त "मी जातो"लाच ४.

बोलीवाली
मग पहिला बाजूला काढा, त्यानं कागद लवकर संपवला एवढंच. कुणालाही चालणार नाहीत अशी काही वाक्यं आणि सर्वांना चालतीलच अशी काही, ही मध्ये मध्ये पेरायची असतात ती त्यासाठीच. पण काढायचा नियम पुढच्या खेपेला आधीच लिहून ठेवा. निकाल बघून माणसं गाळू नका.

दुसऱ्याला हात लावू नका. तो पट्टी नीट वापरतोय आणि खरोखर मधे उभा आहे. तुमच्या विषयातला सर्वांत मोलाचा माणूस कदाचित तोच.

आणि शिक्षिकाबाईंची ७ आणि ६ कुठल्या वाक्यांना, २ आणि १ कुठल्यांना?

मलप्रभाकाठची
अरे देवा. ७ "मी उद्या बाजारला जातो"ला, ६ "मी शेताकडं भाकरी घेऊन जातो"ला. २ "मी सभेत ठराव मांडतो"ला आणि १ "मी बँकेत अर्ज भरतो"ला. बाकीच्या चौघांचंही बघितलं. चार पैकी तिघांचं असंच आहे, एकाचं काही कळत नाही.

मी वाक्यं करताना बाजार काय आणि सभा काय, असा विचारच केला नव्हता. क्रियापदं वेगवेगळी हवीत एवढंच डोक्यात होतं.

येळ्ळूरची_सून
म्हणजे माझ्या मुलीसारखंच! घरचं एक आणि पुण्याच्या फोनचं दुसरं.

बोलीवाली
अगदी तेच. मलप्रभा, तुम्ही न ठरवता दुसरा घटक घालून ठेवलात. पुढच्या खेपेला तो ठरवून घाला: निम्मी वाक्यं घरची-गावातली, निम्मी कचेरी-सभेची, आणि दोन्हींत दोन्ही रूपं.

निपाणीचा_मास्तर
बोलीवाली मॅडम, तुमचं वाचून रात्री विचार केला. जोडीतल्या त्या २० जणांत मावशीसारखे, म्हणजे "जातो"ला सात देणारेही असणार ना? नऊ अधिक आठ सतरा होतात, पण "जातो" उचलणारे चारच आहेत. मग ज्यांना "जातो" चालतं त्यांनी जोडीत ते का सोडलं? आम्ही वर्गात जे केलं त्याचा हा परिणाम तर नव्हे?

मलप्रभाकाठची
सर, नेमकं तेच. नऊपैकी चौघांनी "जातो" उचललं, चौघंही खेड्यातले. पाच जणांनी पट्टीवर "जातो"ला सात-सहा दिले आणि जोडीत "जाते"वर खूण केली. भाजीवाल्या मावशी त्यातल्याच. मी तेव्हा विचारलं होतं, वहीत लिहिलंय. त्या म्हणाल्या, "बोलतो आम्ही जातोच की. खरं लिवायचं जाते न्हवं?"

बोलीवाली
मास्तर, तुम्ही या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट विचारलीत.

जोडीत दोन वाक्यं शेजारी येतात आणि फरक एका मात्रेचा असतो. बघणाऱ्याला लगेच कळतं की प्रश्न "तो" की "ते" याचा आहे. अशा ठिकाणी आपण कानाला विचारत नाही, शाळेला विचारतो. जोडीची धार तिथूनच येते, बाकी सगळं सारखं राहून एकच फरक उघडा पडतो म्हणून. ज्या रूपाला कुणी कधी हटकलेलं नाही तिथं ही धार उपयोगी पडते. ज्या रूपासाठी मुलींना वर्गात उभं केलं गेलं, तिथं तीच धार प्रमाण भाषेच्या बाजूनं कापते. त्या पाच जणांनी खोटं सांगितलेलं नाही. जोडीनं त्यांना दुसराच प्रश्न विचारला.

पट्टीवरही शाळा येतेच, पण जरा कमी, आणि तेही एका माणसाला एका वाक्याचं एकच रूप दाखवलं तर. "बाजारला जातो" एका यादीत, "बाजारला जाते" दुसऱ्या यादीत. प्रत्येक यादीत दोन्ही रूपं सारख्या संख्येनं, पण वाक्यं वेगळी. मध्ये दुप्पट तरी इतर वाक्यं.

आणि कागद नको. देवनागरीत छापलेलं वाक्य म्हणजे आधीच अर्धी शाळा. मलप्रभा, तुम्ही स्वतः पहिल्याच पोस्टमध्ये "एम.ए. करते" लिहिलंय. घरी काय म्हणता?

मलप्रभाकाठची
घरी "करतो". लिहिताना मनातही आलं नाही.

आणखी एक अडचण आता कळते. आमच्याकडच्या बऱ्याच मुलामुलींचं शिक्षण कन्नड माध्यमात झालंय. मराठी घरात फडाफडा बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. कागदामुळं ती सगळी गळालीच असणार. वर्गात ज्यांना "येते" म्हणायला लावलं नाही अशीच ती माणसं!

आकडेमोड_टिळकवाडी
मान्य करतो, माझी घाई झाली. पण मग पट्टीचा जो दोष मी सांगितला त्याचं काय? एक जण ५ ते ७ मध्येच खेळतो, दुसरा १ ते ४ मध्ये. आम्ही अशा वेळी झेड-स्कोर काढतो. प्रत्येकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करायची आणि त्याच्याच पसरटपणानं भागायचं. मग सगळे एका मापावर येतात. करायचं ना?

बोलीवाली
इतर वाक्यं नीट पेरलेली असतील तर करा, नाहीतर नाही. भाजीवाल्या मावशींना समजा फक्त "जातो" आणि "जाते" चीच वाक्यं दिली आणि दोन्ही त्यांना चालतात. त्या सगळ्याला ६-७ देणार. झेड-स्कोर त्यांची सरासरी शून्यावर आणून ठेवतो. कॉलेजच्या मुलीचीही शून्यावरच येते. दोघींतला जो फरक तुम्हाला शोधायचा होता तोच धुतला जातो. वाईट वाक्यं भरपूर असली की मावशींनाही १-२ वापरावे लागतात, मग सरासरीला अर्थ येतो. आणि कुणी सगळ्याला ७ च दिले तर भागायला शून्य उरतं.

मी हल्ली गुण हे क्रमच आहेत असं धरून मॉडेल लावते. ६ आणि ७ मधलं अंतर ३ आणि ४ मधल्या अंतराएवढंच, असं गृहीत धरावं लागत नाही. आर मध्ये एवढंच:

```r
library(ordinal)
d$gun <- factor(d$gun, levels = 1:7, ordered = TRUE)
m <- clmm(gun ~ rup * prasang + (1 + rup | vyakti) + (1 | vakya), data = d)
```

यात `rup` म्हणजे जातो की जाते, `prasang` म्हणजे घर की सभा. `(1 + rup | vyakti)` सोडू नका. "जातो"चा फटका प्रत्येक माणसाला वेगळा बसतो, हे त्यातून मॉडेलला कळतं. तरी हे मॉडेल धरून चालतं की माणसं एका टेकडीसारखी पसरली आहेत, मधे जास्त आणि कडेला कमी. तुमची नऊ आणि आठ अशी दोन टेकाडं आहेत. म्हणून मॉडेलच्या आधी प्रत्येक माणसाचा आलेख काढून डोळ्यांनी बघा.

आकडेमोड_टिळकवाडी
एक शेवटची शंका. तुमच्या बोलण्यावरून वाटतं की मधले गुण म्हणजे नेहमी दोन गटांची भेसळ. मग व्याकरणात पायऱ्या नसतातच का? असतं किंवा नसतं, एवढंच?

बोलीवाली
नाही, तसं मी म्हणणार नाही. "माझा सदरा आणि टोपी हरवली" म्हणा. मग "हरवले" म्हणून बघा, "हरवला" म्हणून बघा. मी जन्मभर मराठी बोलते आणि यातल्या एकावरही छातीठोक बोट ठेवू शकत नाही. "हरवला" सर्वांत वाईट, एवढं कळतं. इथं मी एकटीच चढउतार अनुभवते, दोन गट करायला दुसरं कुणी नाही. अशा ठिकाणी जोडीही कामाची. तीन रूपांच्या तीन जोड्या करा, क्रम लागतो, आणि शाळेनं कधी कुणाला यावरून उभंही केलेलं नसतं.

पण पट्टीवर पायऱ्या दिसल्या म्हणून व्याकरणात पायऱ्या आहेत, अशी उडी मी मारत नाही. आर्मस्ट्राँग आणि दोन ग्लाइटमन यांनी १९८३ मध्ये लोकांना विषम संख्यांना गुण द्यायला लावले होते, ही संख्या विषम म्हणून कितपत चांगला नमुना आहे? लोकांनी ३ ला चांगले गुण दिले, मोठ्या विषम संख्यांना कमी. विषम असण्यात कमीजास्त नसतं हे त्याच लोकांना ठाऊक होतं. पट्टी हातात दिली की माणूस पायऱ्या करतो. उलट बाजूनं, व्याकरण चोख असूनही वाक्य पेलत नाही असंही होतं. "रामानं शामानं गीतानं आणलेला आंबा ठेवलेली टोपली उचलली" यात नियम एकही मोडलेला नाही, तरी पट्टीवर २ येतील. तो भार स्मरणावरचा. म्हणून आम्ही मोजतो ती स्वीकार्यता. तिच्यामागं व्याकरण किती, शाळा किती, स्मरण किती, हे पट्टी वेगळं करून देत नाही, मांडणीतून वेगळं काढावं लागतं. सदरा-टोपीच्या बाबतीत मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही.

निपाणीचा_मास्तर
"हरवले" म्हणावं, पुल्लिंगी अनेकवचन. मात्र हे लिहिताना मलाच दोनदा म्हणून बघावं लागलं.

मलप्रभाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय. कागद बंद. वाक्यं खानापूरच्या बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित. "बाई बोलते आहे" हे मग लिहावंच लागत नाही, ऐकूच येतं. पट्टीसाठी एक गट, जोडीसाठी दुसरा, कारण दोन आठवड्यांत माणसं विसरतात हे मी उगाच धरलं होतं. सूचना बदलली: "तुमच्या गल्लीतली बाई असं बोलली तर कानाला खटकेल का?" जोडीत कुठलं आधी ऐकवायचं ते निम्म्या लोकांना उलटं. प्रत्येकाचं माध्यम, मराठी की कन्नड, नोंदवायचं. "४.२ म्हणजे अर्धवट" हे वाक्य प्रबंधात येणार नाही. मार्गदर्शकांना माणसामाणसांचे आलेख दाखवणार आहे.

शिक्षिकेसारख्या त्या पाच जणांना कुठं बसवायचं ते अजून कळलेलं नाही. दोन व्याकरणं असलेली माणसं म्हणायची, की एकच व्याकरण आणि प्रसंगाप्रमाणे बदलणारं रूप?

बोलीवाली
त्यावर आमच्यातच एकमत नाही. नवीन मांडणीत प्रसंग ठरवून आलाय. घरच्या वाक्यांत ते पाच जण मावशींसारखे आणि सभेच्या वाक्यांत कॉलेजच्या मुलीसारखे वागले, तर प्रसंगाच्या बाजूनं बोलता येईल. घरच्या वाक्यांतही ७ आणि २ असे उड्या मारत राहिले तर मला पुन्हा विचार करावा लागेल. पाच मात्र फार थोडे. त्या चालीच्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्या मुद्दाम शोधा.

येळ्ळूरची_सून
माझ्या थोरल्या नणंदबाई ग्रामपंचायतीत आहेत. घरात "आलो", सभेत "आले". आवाजही खणखणीत आहे. ध्वनिमुद्रणाला हव्यात की उत्तरं द्यायला?

मलप्रभाकाठची
उत्तरं द्यायला! ज्यांचा आवाज घेतला त्यांनाच परत विचारता येत नाही. मी रविवारी येळ्ळूरला येतो.

येळ्ळूरची_सून
या की. चारनंतर या, त्याआधी त्या शेताकडं असतात.